साताऱ्याची 11 आणि कोल्हापूरची 34

गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस, म्हणजे 2025 मध्ये, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न नागपूरला होते. आम्ही दोघे कोल्हापूरहून आणि माझी वहिनी, भाचा व त्याची पत्नी साताऱ्याहून अशा पाच जणांना महाराष्ट्र एक्सप्रेसनेच जायचे होते. ही गाडी दुपारी कोल्हापूरहून निघून मिरज, सातारा, पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला असा वळसा घेत दुसऱ्या दिवशी नागपूरला पोहोचते आणि पुढे गोंदियापर्यंत जाते. मी एका साखर कारखान्याच्या कार्यालयात बरीच वर्षे अधिकाऱ्यांच्या प्रवासाची तिकिटे काढण्याचे काम केले असल्याने नात्यातली मंडळी तिकिटाचा फोटो काढून मला पाठवतात आणि "होईल का कन्फर्म?" एवढेच विचारतात. भाच्यानेही तसाच फोटो पाठवला. त्याचे तिकीट सातारा स्थानकाच्या आरक्षण खिडकीवर काढलेले छापील तिकीट होते, आणि त्याच्या प्रश्नात थोडी कुरघोडी होती: "आत्या, तुझे वेटिंग 34 आणि माझे 11. म्हणजे आमचे तुझ्याआधी होणार ना?"

त्याचे आधी होणार नव्हते, आणि ते का होणार नाही हे त्या फोटोतच लिहिलेले होते. मात्र पहिल्या फोटोत तिकिटाची घडी नेमकी आकड्याच्या डावीकडून गेलेली असल्याने फक्त `WL 11` एवढेच वाचता येत होते. मी त्याला तिकीट सपाट ठेवून, दिव्याचा उजेड कागदावर चमकणार नाही अशा बेताने, पुन्हा फोटो काढायला सांगितले. वेटिंगच्या आकड्याआधीची अक्षरे दिसल्याशिवाय मी कोणालाही अंदाज सांगत नाही, कारण ती अक्षरे म्हणजे आपण कोणत्या रांगेत उभे आहोत याची पाटी असते आणि आकडा हा त्या रांगेतला क्रमांक असतो. दुसऱ्या फोटोत `PQWL 11`, `PQWL 12` आणि `PQWL 13` हे स्पष्ट दिसले. आमच्या तिकिटावर `GNWL 34` आणि `GNWL 35` होते. गाडी एक, दिवस एक, वर्ग एक, तरीही रांगा दोन.

गाडीतले सगळे बर्थ एकाच ढिगातून वाटले जात असतील, हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात आरक्षण उघडण्याआधीच ते वेगवेगळ्या कोट्यांत वाटून ठेवलेले असतात. गाडी जिथून सुटते तिथून किंवा त्याच्या जवळच्या स्थानकांवरून लांबचा प्रवास करणाऱ्यांसाठी सर्वांत मोठा वाटा असतो आणि त्याची प्रतीक्षा यादी म्हणजे `GNWL`. वाटेतल्या एखाद्या महत्त्वाच्या स्थानकाला स्वतःचा वेगळा वाटा दिलेला असेल तर त्याची यादी `RLWL` या नावाने येते. आणि मधल्या अनेक लहानमोठ्या स्थानकांना मिळून जो एक सामायिक, बेताचा वाटा दिलेला असतो, त्याची यादी `PQWL`. भाचा वाटेतल्या स्थानकावर चढून वाटेतल्याच स्थानकावर उतरणार होता, त्यामुळे तो या सामायिक वाट्यात गेला होता.

याचा परिणाम असा होतो की कोल्हापूरहून लांब जाणाऱ्या एखाद्याने त्याचे कन्फर्म तिकीट रद्द केले, तर तो बर्थ आधी `GNWL` मधल्या पहिल्या माणसाकडे सरकतो. साताऱ्याच्या माणसाला त्याचा लगेच काही उपयोग होत नाही. त्याची यादी पुढे सरकायची तर त्या सामायिक वाट्यातल्याच कोणीतरी तिकीट रद्द करावे लागते, आणि मुळात तो वाटाच लहान असल्याने तिथे रद्द होणारी तिकिटेही थोडीच असतात. समजा एका वाट्यात 200 बर्थ आहेत आणि दुसऱ्यात 20. दहापैकी एक जण तिकीट रद्द करतो असे धरले तर पहिल्या रांगेत 20 जागा मोकळ्या होतात आणि दुसऱ्या रांगेत 2. दुसऱ्या रांगेतला अकरावा माणूस तिथेच राहतो. हे आकडे मी भाच्याला समजावण्यासाठी घेतलेले आहेत, त्या गाडीचे नाहीत, पण हिशेबाचा कल हाच राहतो.

भाच्याचा पुढचा आक्षेप रास्त होता. त्याने पीएनआर टाकून पाहिला तेव्हा कोटा या रकान्यात `GN` असे दिसले होते, मग आपण जनरल कोट्यातच नाही का, असे त्याचे म्हणणे होते. तिथे दिसणारा `GN` म्हणजे आपण महिला, तत्काळ, ज्येष्ठ नागरिक अशा कोणत्याही खास कोट्यातून तिकीट मागितले नाही एवढेच. तिकीट मागताना आपण निवडलेला कोटा तो असतो. त्याच्या आत आपण कोणत्या यादीत पडलो हे चढण्या-उतरण्याच्या स्थानकांवरून संगणक ठरवतो आणि ते फक्त वेटिंगच्या आकड्याआधीच्या अक्षरांतून कळते. अनेक जण कोट्याचा रकाना पाहून निश्चिंत होतात, पण पाहायची ती अक्षरेच.

फोटोवरून अंदाज सांगताना दुसरी अडचण अशी की फोटोतला आकडा तिकीट काढले त्या क्षणाचा असतो. छापील तिकीट बदलत नाही, यादी मात्र रोज बदलते. पीएनआर चौकशीत दोन रकाने दिसतात: एक `Booking Status` आणि दुसरा `Current Status`. पहिला आकडा अखेरपर्यंत तोच राहतो, दुसरा सरकतो. मी त्या संध्याकाळी दोन्ही पीएनआर तपासले. भाच्याचे 11, 12, 13 आता 9, 10, 11 वर आले होते. आमचे 34 आणि 35 आता 19 आणि 20 वर आले होते. ओघात त्याला हेही सांगितले की तिकिटाचा फोटो नातेवाइकांच्या मोठ्या गटावर टाकू नये, कारण त्यावर पीएनआरबरोबर वय आणि प्रवासाची तारीख, म्हणजे घर कधी बंद असणार हेसुद्धा, आयते मिळते. स्थिती पाहायला मला दहा अंकी पीएनआर पुरतो.

या दोन आकड्यांतल्या फरकापेक्षाही अधिक सांगून जाणारी एक गोष्ट आहे, आणि ती फारसे लोक पाहत नाहीत. त्याच गाडीची, त्याच दिवसाची, नवे तिकीट काढायचे असल्यासारखी उपलब्धता पाहिली की पडद्यावर आकड्यांची जोडी येते. कोल्हापूर ते नागपूर पाहिल्यावर मला हे दिसले:

```
GNWL58/WL41
```

आणि सातारा ते नागपूर पाहिल्यावर हे:

```
PQWL16/WL14
```

यातला पहिला आकडा म्हणजे त्या यादीत आजवर दिला गेलेला क्रमांक कुठवर पोहोचला आहे तो, आणि दुसरा म्हणजे आज प्रत्यक्षात किती क्रमांक जिवंत आहेत तो. दोहोंतला फरक म्हणजे यादीतून आतापर्यंत किती माणसे कमी झाली: काही पुढे सरकून आत गेली, काहींनी कंटाळून तिकीट रद्द केले. कोल्हापूरच्या रांगेतून 58 पैकी 17 कमी झाले होते. साताऱ्याच्या रांगेतून 16 पैकी फक्त 2. आमच्या पुढचे 15 कमी झाले होते, म्हणजे त्या सतरापैकी उरलेले 2 आमच्या मागचे होते. भाच्याच्या बाबतीत मात्र जे काही घडायचे ते 2 त्याच्या पुढेच घडले होते. प्रवासाला अजून सुमारे तीन आठवडे होते. हा वेग तसाच राहिला असता तर आमचा क्रमांक प्रवासाच्या आधी एक आकडी झाला असता आणि त्याचा सात-आठच्या खाली उतरला नसता. संकेतस्थळावर कन्फर्म होण्याची शक्यता टक्क्यांत दाखवण्याची सोय 2018 पासून आहे आणि मीही ती पाहते, परंतु ती मागच्या अनुभवावरून काढलेला अंदाज सांगते. आपल्या रांगेत या खेपेस किती हालचाल झाली ते या आकड्यांच्या जोडीतून आपले आपल्याला कळते.

इथे आमच्याही तिकिटाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा होता, कारण माझे यजमान 19 जण कमी झाले की बर्थ मिळाला असे समजून चालले होते. तसे नसते. `GNWL` आणि कन्फर्म बर्थ यांच्यामध्ये आरएसीचा टप्पा असतो. आरएसी म्हणजे बाजूचा खालचा एक बर्थ दोघांना बसण्यापुरता दिलेला असतो. एखादा कन्फर्म प्रवासी गळला की त्याचा बर्थ आरएसीतल्या पहिल्याला मिळतो, आरएसीची रांग एकाने पुढे सरकते, आणि वेटिंगमधला पहिला आरएसीच्या शेवटी जाऊन बसतो. म्हणजे 19 जागा सुटल्या की एकोणिसावा माणूस आरएसीत शिरतो, तोही सर्वांत शेवटच्या क्रमांकावर. त्या गाडीच्या स्लीपर वर्गात समजा 40 आरएसी जागा असतील, तर त्याला संपूर्ण बर्थ मिळण्यासाठी 19 आणि 40 अशा मिळून 59 जागा सुटाव्या लागतील. म्हणून मी घरी आधीच सांगून ठेवले होते की आपण गाडीत चढू हे जवळजवळ नक्की आहे, पण झोपायला दोन बर्थ मिळतील यावर विसंबून सामान भरू नका. वेटिंगच्या अंदाजात "गाडीत चढता येईल का" आणि "पाठ टेकता येईल का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक लोक ते एकच समजून विचारतात.

भाच्याच्या तिकिटाचे काय करायचे, हा खरा प्रश्न होता. आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडते, पूर्वी ते 120 दिवस आधी उघडत असे. त्याने अगदी सुरुवातीला विचारले असते तर मी त्याला तिकीट कोल्हापूरपासूनचे काढून चढण्याचे स्थानक म्हणून सातारा नोंदवायला सांगितले असते. तिकीट काढतानाच तसा पर्याय असतो. कोल्हापूर ते साताऱ्याच्या अंतराचे भाडे जास्त पडते, पण प्रवासी सुरुवातीच्या स्थानकाच्या मोठ्या वाट्यात जातो. चढण्याचे स्थानक बदलले की मूळ स्थानकावरून चढण्याचा हक्क राहत नाही, एवढे ध्यानात ठेवावे लागते. मात्र चढण्याचे स्थानक न नोंदवता नुसतेच कोल्हापूरपासूनचे तिकीट काढून साताऱ्याला गाडीत चढू म्हणणे धोक्याचे असते, कारण कोल्हापूरला प्रवासी आला नाही असे समजून तपासनीस तो बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो. आता तीन आठवडे उरलेले असताना त्या रांगेत नव्याने शिरायचे म्हणजे 41 जणांच्या मागे उभे राहायचे, आणि सुमारे महिन्याभरात ज्या रांगेतून 17 कमी झाले तिच्यात 42, 43, 44 या क्रमांकांना मी आशादायक म्हणू शकले नाही. म्हणून तिघांचेही तिकीट बदलण्याचा विचार सोडून दिला.

फोटोकडे पुन्हा पाहताना वयाच्या रकान्यावर नजर थांबली. वहिनीचे वय 61. ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात मिळणारी सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, त्यामुळे ज्येष्ठ म्हणून काही मिळते हेच लोक विसरले आहेत. परंतु खालच्या बर्थचा कोटा अजूनही आहे आणि पडद्यावर तो `SS` या अक्षरांनी निवडता येतो. स्लीपरच्या प्रत्येक डब्यात सहा ते सात खालचे बर्थ 60 वर्षे पूर्ण केलेले पुरुष आणि 45 वर्षे पूर्ण केलेल्या स्त्रिया यांच्यासाठी राखून ठेवलेले असतात. अट अशी की अशा पात्र प्रवाशाने एकट्याने किंवा फार तर अशाच दोघांनी मिळून तिकीट काढलेले असावे. भाच्याने तिघांचे एकत्र तिकीट काढले, त्यात तो आणि त्याची पत्नी तिशीतले, आणि त्यामुळे वहिनीचा तो हक्क आपोआप बाजूला पडला. एकत्र जायचे तर एकत्र तिकीट, हा विचार घरगुती दृष्टीने बरोबर आहे, पण संगणक माणसांची नाती पाहत नाही.

मी सातारा ते नागपूर हा `SS` कोटा पाहिला तर तिथेही वेटिंगच होते. कोल्हापूर ते नागपूर पाहिल्यावर मात्र हे दिसले:

```
AVAILABLE-0003
```

वहिनीचे तिकीट कोल्हापूरपासूनचे, चढण्याचे स्थानक सातारा नोंदवून, मी तिथल्या तिथे काढले. कन्फर्म, खालचा बर्थ. वहिनी वेगळ्या डब्यात पडणार म्हणून भाचा थोडा नाराज झाला. "आई एकटी कशी बसेल, आत्या?" असे त्याने विचारले, आणि त्यावर "एकटी बसेल, पण बसेल तरी" असे वहिनीनेच फोनवर सांगून टाकले.

आता जुन्या तिकिटातून वहिनीचे एकटीचे नाव कमी करायचे होते. हे तिकीट खिडकीवरचे असल्याने इथे फोटोचा काही उपयोग नव्हता, मूळ कागद घेऊन खिडकीवर जावे लागले. ऑनलाइन काढलेल्या तिकिटाचा संदेश किंवा फोटो ओळखपत्रासह प्रवासात चालतो. खिडकीवरचे तिकीट मात्र मूळ स्वरूपातच जवळ असावे लागते, त्याचा फोनमधला फोटो म्हणजे तिकीट नव्हे. वेटिंगचे तिकीट रद्द करताना स्लीपरमध्ये माणशी 60 रुपये कापले जातात, तेवढेच कापले गेले. वहिनीचा क्रमांक 11 होता आणि तो गळल्यावर उरलेल्या दोघांची सद्यस्थिती 10 आणि 11 वरून 9 आणि 10 झाली. मूळ क्रमांक 12 आणि 13 तसेच राहिले. दोन रकान्यांतला फरक भाच्याला माझ्या सगळ्या स्पष्टीकरणापेक्षा या एका बदलातून चांगला समजला.

पुढचे आठवडे तो अधूनमधून पीएनआर पडद्याचा फोटो पाठवत राहिला. त्याची रांग सावकाश सरकत होती. प्रवासाच्या दोन दिवस आधी तो 5 आणि 6 वर होता, आणि आम्ही 6 आणि 7 वर. आता आकडे जवळजवळ सारखे दिसत होते, पण मी माझ्याबद्दल निर्धास्त होते आणि त्याला तत्काळ तिकीट काढायला सांगत होते. कारण पुढची मोठी उलथापालथ चार्ट तयार होताना होते. मुख्यालयाचा कोटा, संरक्षण दलाचा कोटा, आणीबाणीसाठी राखलेले बर्थ, न खपलेले तत्काळचे बर्थ यांतले जे उरते ते चार्टच्या वेळी मोकळे केले जाते आणि त्याचा लाभ प्रथम `GNWL` आणि आरएसीच्या रांगेला होतो. वेटिंग 6 वरून एका झटक्यात आरएसीत जाणे ही त्या वेळी नेहमीची गोष्ट असते. `PQWL` ला यातले जे मिळते ते त्यांच्यानंतर, आणि लग्नसराईत त्यांच्यानंतर काही उरत नाही.

चार्ट कधी होतो हेही आता जुन्या सवयीने धरून चालत नाही. पूर्वी तो गाडी सुटण्याच्या 4 तास आधी होत असे. जुलै 2025 पासून तो 8 तास आधी करायला सुरुवात झाली आणि त्यानंतर ती वेळ आणखी आधी नेण्यात आली. आमच्या वेळी दुपारच्या गाडीचा चार्ट भल्या सकाळी होणार होता. आधी चार्ट झाल्याने ज्यांचे तिकीट होत नाही त्यांना दुसरी सोय पाहायला अवधी मिळतो, हे चांगलेच. पण तत्काळ तिकिटे त्याच्याही आदल्या दिवशी उघडतात: वातानुकूलित वर्गाची सकाळी 10 वाजता आणि स्लीपरची 11 वाजता. म्हणजे वेटिंगचा निकाल कळण्याआधीच तत्काळचा निर्णय घ्यावा लागतो. भाच्याची चलबिचल इथेच होती. तत्काळला भाडे जास्त, शिवाय कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत. उद्या 5 आणि 6 कन्फर्म झाले तर? मी त्याला एवढेच म्हटले की गेल्या सगळ्या दिवसांत तुझ्या रांगेतून जेवढी माणसे कमी झाली जवळजवळ तेवढीच एका रात्रीत कमी होतील, असे समजायला काही कारण दिसते का ते सांग.

त्याने आदल्या दिवशी 11 वाजता दोघांचे तत्काळ तिकीट काढले. जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळसाठी खाते आधारशी पडताळलेले असावे लागते. ते काम त्याने आधीच करून ठेवले होते, कारण 11 वाजता आधारचा सांकेतिक क्रमांक शोधत बसलो तर तोवर तत्काळचीही प्रतीक्षा यादी सुरू झालेली असते. तत्काळच्या यादीला, म्हणजे `TQWL` ला, आरएसीचा टप्पाच नसतो. तिथे एक तर बर्थ मिळतो, नाही तर काहीच नाही, म्हणून तत्काळमध्ये वेटिंग लागत असेल तर मी तिकीट काढू नका असेच सांगते. त्याला दोन्ही बर्थ मिळाले. त्याच दुपारी त्याने खिडकीवर जाऊन जुने वेटिंगचे तिकीट रद्द केले. ऑनलाइन तिकीट पूर्णपणे वेटिंगमध्ये राहिले तर चार्टनंतर ते आपोआप रद्द होऊन पैसे खात्यात येतात. खिडकीवरच्या तिकिटाचे तसे नसते. ते गाडी सुटण्याच्या 30 मिनिटे आधीपर्यंत आपण होऊन रद्द करावे लागते, नाही तर वेटिंगही गेले आणि पैसेही गेले. आणि असे वेटिंगचे कागदी तिकीट हातात धरून स्लीपरच्या डब्यात चढणे नियमात बसत नाही.

आमचा निकाल सकाळी लागला. दोघांच्याही नावापुढे `RAC` आणि `S6 39` असे दिसले. यजमानांनी लगेच विचारले की 39 म्हणजे कोणता बर्थ. स्लीपर डब्यात आठ-आठ बर्थचे कप्पे असतात, त्यामुळे बर्थच्या क्रमांकाला 8 ने भागून बाकी पाहिली की जागा कळते: 1 आणि 4 खालचे, 2 आणि 5 मधले, 3 आणि 6 वरचे, 7 बाजूचा खालचा, आणि बाकी शून्य उरली तर बाजूचा वरचा. 39 ला 8 ने भागले की 7 उरतात. आरएसीला मिळतो तोच बाजूचा खालचा बर्थ, आणि एकाच तिकिटावरचे आम्ही दोघे असल्याने तो आम्हालाच विभागून मिळाला होता. आरएसीचे भाडे पूर्ण बर्थएवढेच असते, अर्ध्या जागेची सूट त्यात नाही.

साताऱ्याला वहिनी आणि भाचा-सून आपापल्या डब्यांत चढली. पुण्यानंतर तपासनीस हातातल्या यंत्रावर नावे पाहत आला. चार्टमध्ये नाव असूनही जे प्रवासी आलेले नसतात त्यांचे बर्थ तो याच यंत्रातून आरएसीच्या क्रमाने देतो, त्यामुळे अशा वेळी आपल्या जागेवर असणे महत्त्वाचे असते. भाच्याकडे गप्पा मारायला जायचा यजमानांचा बेत मी त्यासाठीच लांबवला होता. आमच्या आधीच्या क्रमांकांचे वाटप होऊन आमच्यापैकी एकाला त्याच डब्यात 51 क्रमांकाचा बर्थ मिळाला. 51 ला 8 ने भागले की 3 उरतात, म्हणजे अगदी वरचा. गुडघ्यांची तक्रार दोघांचीही होती, पण एव्हाना मी 39 वर पाय पसरले होते.